खिशातला हात

माणसाचा हात खिशात गेला की बाहेर काय उरतं, हे मी जितकं पाहिलं आहे तितकं चांद्यात दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. बाहेर उरतो अंगठा, मनगटाची एक चिंचोळी पट्टी, सदऱ्याची बोटाच्या पेराएवढी कड आणि कोटाच्या बाहीचा काठ. एवढ्याशा जागेत फोटो तरतो किंवा बुडतो. बाहीचा काठ सरळ रेघेत थांबला की हात कापून चिकटवल्यासारखा दिसतो. खिशाची कड हाताच्या पाठीवरून ओढली गेली नाही तर माणूस पोटाशी लाकडी ठोकळा धरून उभा आहे असं वाटतं. कापड हातावर पडतं, म्हणून सावली हातावर पडते, कापडावर नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. पाहून पाहून कळलं.

आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पडदा, खुर्ची आणि कॅमेरा, मागच्या खोलीत आमचा संसार, आणि मधल्या बोळात एका खिडकीपाशी माझं उतरतं टेबल. टेबलात घासलेली काच बसवलेली, तिच्याखाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावर पडायचा आणि फोटोची काच खालून उजळायची. काचेवर सगळं उलटं असतं. काळा कोट तिथे पारदर्शक दिसतो आणि गोरा हात काळा. ज्या जागेवर पेन्सिल फिरवावी ती जागा फोटोत उजळते, जी जागा पात्याने खरवडावी ती फोटोत काळी पडते. पातं म्हणजे वस्तऱ्याचा तुकडा, दगडावर घासून केलेला. श्वास सोडावा इतक्या हलक्या हाताने चालवायचं, नाहीतर थर फाटतो आणि फोटोत काळं भोक पडतं.

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मला पेन्सिल धरता येत होती. लग्नानंतर दोन वर्षांनी आमच्याकडचा कारागीर नागपूरला पळून गेला, तेव्हा ह्यांनी एक काच माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "एवढे खड्डे बुजवून पाह्य तर." देवीच्या व्रणांचे खड्डे होते, कुण्या सावकाराच्या गालावरचे. मी बुजवले. सावकार फोटो पाहून खूश झाला आणि कारागीर कोण म्हणून विचारू लागला. हे म्हणाले, "नागपुरास्नं करून आणतो." तेव्हापासून नागपूरचा तो कारागीर आमच्या दुकानात सात वर्षं काम करत होता. लोक त्याची वाहवा करायचे, मी आत बसून ऐकायची. तो कसा दिसतो, किती घेतो, दारू पितो का, असलंही विचारायचे आणि हे त्यांना तिखटमीठ लावून सांगायचे. एकदा तर तो आजारीही पडला होता. मला आधी हसू यायचं. पुढे पुढे यायचं बंद झालं.

आमच्या कामाची गंमत अशी, की काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. वाईट झालं तरच कारागीर आहे हे लोकांना कळतं. त्यात माझं नाव तर तसंही कुठेच नव्हतं. म्हणजे मी दोनदा झाकलेली.

स्टुडिओत एक काळा कोट खुंटीला टांगलेला असायचा. गिऱ्हाइकाला फोटोपुरता घालायला. जाड माणसाला तो पुढून लागायचा नाही, हडकुळ्याला पाठीमागून चिमटे लावून आवळावा लागायचा. बाह्या सगळ्यांना लांब. बोटांच्या पेरापर्यंत यायच्या. मग मी काचेवर बाही मागे सरकवायची, मनगट उघडं करायची, सदऱ्याची पांढरी कड काढायची. चैत्रात महाकालीच्या यात्रेला बैलगाड्यांनी लोक यायचे तेव्हा तो कोट दिवसाला तीस-तीस अंगांवर चढायचा. घामाने त्याची कॉलर मिठासारखी पांढरी व्हायची.

ज्या भावाबहिणीची ही गोष्ट आहे ते यात्रेनंतर आले. उन्हाळा होता, भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाऊ सत्तावीस-अठ्ठावीसचा, मूल गावाकडच्या जंगलात एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोवर मुन्शी. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने छाप मारायची आणि गाड्या सोडायच्या, हे त्याचं काम. बहीण अठराची. आईबाप दोघंही गेलेले. बहिणीला राजुऱ्याकडचं स्थळ आलं होतं, मुलाचं स्वतःचं घर, शेती, आणि मुलगा शिकलेला. त्यांनी निरोप पाठवला होता की मुलगी पाहायला येऊ, पण आधी फोटो धाडा, आणि घरात कर्ता भाऊच आहे तर त्यालाही उभा करा, आम्हाला घर कसं आहे ते कळू द्या.

ह्यांनी मुलीला खुर्चीवर बसवलं, भावाला कोट घालून मागे उभं केलं. डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायला सांगितला. तो ठेवला. उजवा हात सोडा म्हटलं तर सोडेना.

"उजवा हात धोतराच्या मांग काऊन लपवून राह्यला भाऊ? समोर घे."

"नाई, राहू द्या."

"फोटोत हात तुटल्यावानी दिसंन."

तेव्हा बहीणच म्हणाली, "दादा, खिशात घाल." आवाज अगदी शांत होता, घरून ठरवूनच आली असावी. त्याने हात पुढे आणला. मी बोळाच्या पडद्याआडून पाहत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं आत वळलेलं होतं, आणि अंगठ्याजवळचं मांस बसलेलं. असे हात आमच्याकडे पाहिले की माणसं काही विचारत नाहीत, फक्त चार पावलं मागे सरकतात. महारोग. आमच्या जिल्ह्यात तो घरोघरी होता आणि कुठल्याच घरात नव्हता.

ह्यांनी मागे पाऊल घेतलं ते मला दिसलं. पण गिऱ्हाईक दारात होतं आणि मे महिन्यात गिऱ्हाईक कुठून मिळायचं. त्याने हात खिशात घालायचा प्रयत्न केला. वळलेली बोटं खिशाच्या काठाला अडकत होती. अंगठा बाहेर राहिला, दोन बोटं आत गेली आणि ती दोन आखडलेली बाहेर, खिशाच्या झाकणावर. तो घामाघूम झाला. हे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून ओरडले, "जाऊ द्या, तसाच राहू द्या, नागपुरात बुजवून देतीन!"

काच धुऊन झाल्यावर ह्यांनी एक कच्ची प्रत काढून मला दिली. कच्ची प्रत समोर ठेवल्याशिवाय मला काम जमायचं नाही. काम झालं की ती चुलीत घालायची असा दुकानाचा नेम होता.

संध्याकाळी भाऊ एकटा मागच्या दारी आला. नागपूरच्या कारागिरावर त्याचा विश्वास बसला नव्हता, किंवा पडद्याआडची माझी पावलं त्याला दिसली होती. उंबऱ्यापासून दूर उभा राहून म्हणाला, "बाई, तुमीच करता ना? मले समजलं. माह्याच्यानं रोग लागत नाई कोणाले, डॉक्टरनं सांगितलं. गोळ्या घेऊन राह्यलो, दोन वर्षं झाले वाढला नाई. पण लोकायले कोण सांगंन? पोरीचं लग्न लागून जाऊ द्या, मंग मी जंगलातून येतच नाई गावात."

"पाहुणे पोरगी पाह्याले येतीन तवा?" मी विचारलं.

"तवा मी डेपोवर असतो. मामा बसते माह्या जागी. फोटोतच एकदा मी नीट दिसलो पाह्यजे."

ही फसवणूक होती यात शंका नाही. मला तेव्हाही कळत होतं. पण मी देवळातली पुजारीण नव्हते. मी लोकांचे व्रण बुजवत होते, टकलांवर केस रेखाटत होते, तिरळे डोळे सरळ करत होते, आणि चांद्यातली निम्मी लग्नं माझ्या टेबलावरून गेली होती. हे काम अवघड होतं, आणि अवघड काम पाहिलं की माझे हात शिवशिवायचे. खरं सांगायचं तर त्या मुलीपेक्षा मला त्या खिशाची जास्त ओढ लागली होती.

दोन दिवस लागले. आखडलेली दोन बोटं मी पात्याने खरवडली. काचेवर ती काळी होती, खरवडता खरवडता विरळ झाली आणि शेवटी कोटाइतकी पारदर्शक झाली. म्हणजे फोटोत तिथे आता काळा कोट दिसणार. हाताची पाठ खिशाच्या काठापर्यंत ठेवली, अंगठा तसाच बाहेर ठेवला. अंगठा बाहेर असला की माणूस आरामात उभा आहे असं वाटतं. बाहीचा काठ मनगटापाशी जिथे पडला होता तिथे त्याला थोडा फुगवटा दिला, कारण हात खाली जाताना बाही वर चढते आणि गोळा होते. काठाखाली मनगटावर एक बारीक सावली खरवडली, एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने विरून जाणारी. खिशाच्या पोटात मूठ आहे असं वाटावं म्हणून पेन्सिलने दोन उजळ चुण्या काढल्या, खिशापासून कोटाच्या बटणाकडे ओढ घेणाऱ्या. राहिलं ते झाकण. कोटाच्या खिशाला वरून पडणारं कापडाचं झाकण असतं. उजव्या खिशाचं झाकण त्या बोटांखाली दबून गेलं होतं, मूळ काचेत नीट नव्हतंच. मी डाव्या खिशाचं पाहून तसंच्या तसं उजव्याला काढलं. सरळ, सपाट, आणि हात त्याच्या वरच्या कडेतून आत गेलेला.

फोटो छापला तेव्हा मी स्वतःच थक्क झाले. ठेकेदारच उभा आहे असं वाटत होतं. ह्यांनी भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "हं. जमलं." त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळच. कच्ची प्रत मी चुलीत घातली नाही. टेबलाच्या खणात, कापसाखाली ठेवली. दुपारी कोणी नसताना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायची. एवढीच माझी वाहवा, मीच करायची आणि मीच ऐकायची.

स्थळ जुळल्यातच जमा झालं. पाहुणे मुलगी पाहून गेले, मुलगी पसंत पडली, भाऊ जंगलात कामावर आहे हे त्यांनी मान्य केलं. साखरपुड्याचा दिवस ठरायचा होता. बहीण एकदा रस्त्यात भेटली तेव्हा तिने लांबूनच हात जोडले. मी मानेने हो म्हटलं आणि पुढे गेले. आत कुठेतरी ते लग्न माझंच काम आहे असं वाटत होतं.

पावसाळा सुरू झाल्यावर एका दुपारी मुलाचा मामा दुकानात आला. हे मूलच्या शाळेचा ग्रुप फोटो घ्यायला गेले होते. मी बोळातून बाहेर आले, डोक्यावर पदर घेऊन. मामा राजुऱ्याचा शिंपी होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. गळ्यात मापाची फीत नव्हती की काही. वर्धा नदीच्या पुराने नावेला उशीर झाला म्हणून वैतागलेला, बारीक, चष्म्याचा माणूस. त्याने कागदात गुंडाळलेला तोच फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हा फोटो इथलाच ना बाई?"

"हाव."

"कोण करते तुमचं काम?"

"नागपूरचा कारागीर हाय."

"तवाच." तो हसला. "बाई, मी तीस वर्षं कोट शिवून राह्यलो. हे पाहा. हात खिशाच्या झाकणाच्या वरून आत गेला. तिथी शिवण असते. तिथी तोंड नसतेच. तोंड झाकणाच्या खालती असते. हात आत गेला की झाकण मनगटावर चढते, नाईतर हातासंग आत दबते. तुमच्या नागपूरवाल्यानं शिवणीतून हात घुसवला."

मी फोटोकडे पाहिलं. तो खरं बोलत होता. सात वर्षं मी खिसे काढत होते, पण माझ्या लुगड्याला कधी खिसा नव्हता. हात कुठून आत जातो हे मी कधी हाताने पाहिलंच नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं होतं फक्त.

"हा कोट घातलेलाच नाई यानं," तो म्हणाला. "वरून रंगवलेला हाय. आता मले समजलं. भिकारी घर आहे आणि कोट कागदावर चढवला. आमाले उल्लू बनवून राह्यले. आणि बनवलं तेबी धड नाई. असा कच्चा कारागीर आमच्या राजुऱ्यात उभा राहू देनार नाई कोणी."

कच्चा कारागीर. आता मागे वळून पाहते तेव्हा मला वाटतं, मी त्या क्षणी तोंड मिटून उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं? फार तर ते घर गरीब ठरलं असतं. गरिबी चालली असती. तो मामा हुंड्यात चार गोष्टी कमी घेऊन कुरकुरत तयार झाला असता. पण मला ऐकवेना. कोट कागदावर चढवण्याचं काम मी कधी केलं नव्हतं. ते बाजारात चटईवर बसणारे, ब्रशने करणारे करतात. माझ्या बाहीचा काठ, माझी मनगटावरची सावली, त्या दोन चुण्या, यांतलं त्याला काही दिसलं नव्हतं. त्याने फक्त झाकण पाहिलं होतं.

"कोट खरा हाय," मी म्हटलं. "ह्या खुंटीवरचाच. बाही पाहा ना, रंगवलेली वाटते काय तुमाले? एक झाकणच चुकलं. बाकीचा हात कसा केला ते पाहा, मंग कच्चा म्हणा."

आणि मी बोळात गेले, खण उघडला, कापूस बाजूला केला आणि कच्ची प्रत आणून त्याच्या समोर ठेवली. फोटोच्या शेजारी. बोट ठेवून दाखवलं. "हे दोन बोटं इथी होते. आता कुठी हायत ते दाखवा."

त्याने दाखवलं नाही. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. मी अजून त्याच्या तोंडून वाहवा निघायची वाट पाहत उभी होते. त्याने कच्ची प्रत बोटाच्या टोकाने उचलायला घेतली, आणि मग न उचलता बोट मागे घेतलं, जणू कागदच लागट होता. तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

"पोरीच्या हाताचं अन्न खाल्लं आमी," तो म्हणाला. "पोहे खाल्ले."

"त्याचं वाढलेलं नाई. डॉक्टर म्हनते लागत नाई कोणाले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तुमी घ्या त्याचा हात हातात," तो म्हणाला, आणि फोटो काउंटरवरच टाकून निघून गेला.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. स्थळ मोडलं, आणि का मोडलं ते मामाने नावेत, बाजारात, कापसाच्या जिनिंग कारखान्यात सांगितलं. मूलला ठेकेदाराच्या कानावर गेलं. ठेकेदाराने त्याला डेपोच्या आवारात येऊ नको म्हणून सांगितलं, आणि त्याने ज्या हातोड्याने छाप मारली होती तो हातोडा जाळात टाकला म्हणे. चांद्यात बातमी आली तेव्हा तिच्यात आमचं दुकानही होतं. आमचा कोट होता. त्या माणसाने घातलेला कोट, ज्यात त्यानंतर दोन महिन्यांत किती वरांनी फोटो काढले होते कोण जाणे. एक वकील भांडायला आला. एक बाई रस्त्यात उभी राहून आमच्या नावाने बोटं मोडू लागली.

हे घरी आले तेव्हा सगळं कळून आलेले होते. त्यांनी खुंटीवरचा कोट काठीने उचलला, अंगणात नेला आणि रॉकेल ओतून पेटवला. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. मी दारात उभी होते.

"दाखवाचं होतं तुले," ते म्हणाले. "दाखवलं? झालं समाधान? नागपूरच्या कारागिराचं थोबाड पाह्यलं आता सगळ्यानं." मग त्यांनी मला दोन थपडा मारल्या. कोटासाठी मारल्या. त्या पोरीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही, तसं माझ्याही.

बहीण एकदाच आली. पुढच्या दाराने. हे दारातच उभे राहिले, आत पाऊल टाकू दिलं नाही. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, त्यांच्या खांद्यावरून बोळाच्या पडद्याकडे पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमाले दादानं हात जोडले होते ना? मी जोडले होते ना?" मी पडद्याआडून हललेसुद्धा नाही. "तुमचेबी बोटं झडोत," ती म्हणाली, आणि गेली. तिचा राग मला बरा वाटला. तिने रडत विचारलं असतं की का केलं, तर मी काय सांगणार होते?

भाऊ आला तो दिवाळीनंतर, मागच्या दाराने, हे घरात नसताना. वाळला होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता तरी गुंडाळलं होतं. मी बाहेर आले आणि तो मागे सरला, सवयीने. मीही सरले. ते मी लपवणार नाही. सगळं माझ्यामुळे झालं होतं, डॉक्टरचं म्हणणं मला माहीत होतं, तरी मी एक पाऊल मागे सरले.

त्याने सांगितलं की बहिणीला सिरोंच्याकडचं एक स्थळ आलं आहे. बिजवर, दोन पोरं, वय चाळीसच्या वर. इतक्या लांब की इकडचं काही तिकडे जात नाही. त्याच्या मामाने त्यांना सांगितलं आहे की मुलगी एकटीच, भाऊ होता तो वारला.

"त्यायले फोटो पाह्यजे," तो म्हणाला. "पोरगी आता इथी बसाले येत नाई, आणि तुमचे फोटोवाले भाऊ बी येऊ देनार नाई. दुसरीकडे गेलो तर आमाले कोणी दारात उभं करत नाई. तुमच्यापाशी काच हाय ना अजून?"

"हाय."

"मले काढून टाका त्यातून."

तो समजावून सांगू लागला, जणू मला कामाचीच काही अडचण असावी. "हात बीत नाई. सगळाच काढा. ते एकटी बसली असं दिसलं पाह्यजे."

"तुमी कुठी राहणार मंग?"

"तिकडे आहे एक जागा, वरोऱ्याच्या बाजूनं. आमच्यासारखे राह्यते तिथी." मग म्हणाला, "येत्या गुरुवारी येऊन घेऊन जातो. फोटोवाले भाऊ नसते ना गुरुवारी?"

मी चार दुपारी ते काम केलं. मागचा पडदा आणि तो, दोन्हीवर काचेवर लाल रंगाचा जाड थर दिला, म्हणजे फोटोत तिथे नुसतं पांढरं येतं. तिच्या केसांच्या कडेने आणि खांद्याच्या कडेने ब्रश नेताना श्वास रोखून धरला. पण एवढ्याने भागणारं नव्हतं. त्याचा डावा हात, चांगला हात, खुर्चीच्या पाठीवर होता. चार बोटं पाठीच्या वरून पुढे आलेली, आणि त्यांतलं एक तिच्या पदराला टेकलेलं. खुर्ची काळ्या लाकडाची, म्हणून ती बोटं मी खरवडली. आधी नखं, मग पेरं, मग बाहीचा काठ. पेन्सिलने लाकडाची नक्षी पुढे चालवली, वरची कड बेताने उजळ केली. पदराला जिथे बोट टेकलं होतं तिथे कापड थोडं दबलेलं होतं. बोट काढल्यावर तो दाब तसाच राहिला असता तर कुणीतरी ओळखलं असतं की इथे काही होतं. म्हणून मी तो दाबही भरून काढला. या वेळी एकही शिवण चुकली नाही. मी आमच्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, काढून, पुन्हा ठेवून पाहिलं होतं.

गुरुवारी तो आला. मी फोटो उंबऱ्यावर ठेवला आणि आत सरकले. त्याने तो डाव्या हाताने उचलला, अंगणाच्या उजेडात नेला. खूप वेळ पाहत होता. कागद तिरपा धरला, सरळ धरला, डोळ्यांजवळ नेला. खुर्चीच्या पाठीवर अंगठा फिरवला. मला वाटलं तो रडेल, आणि मला ते पाहायचं नव्हतं, तरी मी दार लावून घेतलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "बाई," तो म्हणाला, "मी कुठी उभा होतो ते मलेच सापडत नाई. लय चांगलं काम केलं तुमी."

सात वर्षांत मला माझ्या तोंडावर असं कुणी म्हटलं नव्हतं. तो माणूस आपलं पुसलेलं अंग हातात धरून उभा होता, आणि मला आनंद झाला. तो आनंद मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.